न केलेल्या ठेवी

कुलूप लावलं की लिफ्टकाका ते दोनदा ओढून बघतात. गॅस बंद केला तरी बटणावर बोट ठेवून क्षणभर थांबतात. पेन कुणाला दिलं तर टोपण स्वतःकडे ठेवतात, म्हणजे पेन परत येतं. औषधाच्या पट्टीवरची तारीख वाचल्याशिवाय गोळी घेत नाहीत. बायको औषधाच्या दुकानातच काम करते, तरी. कोणत्याही इमारतीत शिरले की आधी लिफ्टच्या दाराकडे बघतात, मग समोरच्या माणसाकडे. रस्ता ओलांडताना बायकोचं मनगट धरतात, आणि पलीकडे पोचल्यावर लगेच सोडतात.

असा माणूस. म्हणून तर काकूंनी कधी काही विचारलं नाही.

काका पस्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतायत. इमारतींमधली लहान मुलं त्यांना लिफ्टकाका म्हणायची. ती मुलं मोठी झाली, नाव तसंच राहिलं. काकू त्यांच्याहून नऊ वर्षांनी लहान. दिवसभर दुकानाच्या काउंटरमागे उभ्या. गुडघे संध्याकाळी इतके सुजतात की मोजे काढल्यावर रबराची खूण तासभर जात नाही. काका चार महिन्यांनी साठीला निवृत्त होणार होते आणि त्याच दिवशी काकूही काउंटर सोडणार होत्या. मालकाला त्यांनी सांगूनही टाकलं होतं. त्यांच्या जागी येणाऱ्या मुलीला औषधांचे खण दाखवून झाले होते.

हे सगळं ज्या पैशावर उभं होतं, त्याची आखणी पाच वर्षांपूर्वी एका सल्लागार बाईंनी करून दिली होती. बाईंचं ऑफिस चष्म्याच्या दुकानावर, दोन खोल्यांचं. बाई फटकळ. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं, "वय किती, आणि पैसे कधी लागणार?" काका म्हणाले, "जास्तीत जास्त वाढवायचेत." बाई म्हणाल्या, "ते मी विचारलंच नाही."

मग बाईंनी समजावलं. निवृत्तीनंतरची पहिली सात वर्षं ज्यावर जगायचं, तो पैसा हलता कामा नये. तो रोखे आणि ठेवींत. त्यानंतरचा पैसा शेअरमध्ये, कारण त्याला पडून पुन्हा उठायला वेळ आहे. "आणि काकू तुमच्याहून नऊ वर्षांनी लहान आहेत. पैसा त्यांच्या वयाला पुरायला हवा, तुमच्या नाही. म्हणून सगळंच ठेवींत टाकून चालणार नाही." पंचावन्नाव्या वर्षी अर्धे शेअर, अर्धे स्थिर. पुढे दर वर्षी शेअरचे दोन भाग कमी. साठीला शंभरात शेअर चाळीस, स्थिर साठ.

"पण हे आपोआप राहत नाही," बाई म्हणाल्या होत्या. "बाजार चढला की शेअरचा वाटा आपणहून फुगतो. तुम्ही काहीही न करता जास्त धोका घेऊन बसता. म्हणून वर्षातून एकदा यायचं. फुगलेलं कापायचं, दबलेल्यात घालायचं. बाजार काय म्हणतोय ते विचारायचं नाही."

पुढची चार वर्षं बाजार चढतच गेला. दर वर्षी काका गेले, सही केली, शेअरच्या फंडाचा फुगलेला भाग विकला. ते पैसे त्यांच्या बँकेच्या खात्यात आले. "ठेवी मीच करतो," ते म्हणाले. "माझ्या बँकेत अर्धा टक्का जास्त मिळतो." बाईंनी आकडा विचारला, लिहून घेतला. काकू शेजारी बसून खिडकीतून खाली दुकानाच्या दारात चष्मे लावून बघणारी माणसं बघायच्या.

पाचव्या वर्षी बाजार कोसळला. शेअरचा एक तृतीयांश गेला. दुकानात गिऱ्हाइकं झोपेच्या गोळ्या मागायला लागली. काकूंनी त्यातल्या दोघा-तिघांना धीरही दिला. "आमचं बाई वेगळं आहे," त्या म्हणाल्या. "आमचं दर वर्षी जुळवलेलं असतं."

ठरलेल्या महिन्यात दोघं बाईंच्या ऑफिसात गेली. बाई खुशीत होत्या, म्हणजे नेहमीपेक्षा कमी खेकसत होत्या.

"बघा, याच दिवसासाठी केलं होतं. शेअर पडले, पण तुमचं सगळं मिळून फार लागलं नाही. आता शेअरचा वाटा तेहतीस झालाय. हवेत चाळीस. म्हणजे यंदा उलटं. सात भाग ठेवींतून काढायचे आणि शेअर घ्यायचे. स्वस्त झालेत."

"आत्ता? आग लागलीय त्यात?" काकूंनी विचारलं.

"आत्ताच. चढल्यावर विकलंत ना मुकाट्यानं? मग पडल्यावर घ्यायचं. नियम एकच आहे." बाई काकांकडे वळल्या. "तुमची एक ठेव याच महिन्यात पुरी होते म्हणाला होतात. तीच वापरू. पावती आणलीत?"

काकांनी पेनाचं टोपण काढलं. पुन्हा लावलं.

"राहू दे ना यंदा," ते म्हणाले.

"काय राहू दे?"

"हे घ्यायचं. आहे तसंच असू दे."

"चार वर्षं एकदाही असं म्हणाला नाहीत. विकताना नाही. घाबरलात?"

"घाबरायचं काय."

"मग पावती."

काकांनी टोपण पुन्हा काढलं. काकूंना वाटलं, घरी विसरले असतील. पण हा माणूस काही विसरत नाही, हे त्यांना दुसऱ्या क्षणी आठवलं.

"अहो, पावती कुठाय?"

"नाहीये."

"नाहीये म्हणजे हरवली?"

"ठेवच नाहीये."

मग ते भराभर बोलले, एखाद्या बंद लिफ्टबद्दल सांगावं तसं. पहिल्या वर्षी विकले, तर पुढच्या वर्षी तेच शेअर अजून वर. डोळ्यांसमोर. आपल्या हातानं आपलंच नुकसान केल्यासारखं वाटलं. मग फोनवरून खातं उघडलं आणि विकून आलेला पैसा पुन्हा शेअरमध्ये घातला. फंडात नाही, पाच-सहा कंपन्यांत. दर वर्षी तेच. गेल्या वर्षापर्यंत दुप्पट दिसत होते.

"आणि आज?" बाईंनी विचारलं.

"शंभराचे चाळीस."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर आपटला. "मी चार वर्षं दर वर्षी तुमचं वजन करत होते. आणि तुम्ही एक पाय जमिनीवर ठेवून उभे होतात!" मग त्यांनी स्वतःच्याच कपाळावर हात मारला. "आणि मी मूर्ख. एकदा पावती दाखवा म्हणाले नाही. आकडा सांगितलात, लिहिला. नंदीबैलासारखी मान हलवली."

"पण तुमचे शेअरचे फंडही पडलेच ना—" काका म्हणाले.

"गप्प बसा. जरा आकडे मांडू द्या."

बाई आकडे मांडत होत्या. काकू काकांकडे बघत नव्हत्या. खाली चष्म्याच्या दुकानात कुणीतरी आरशात बघून मोठ्यानं हसत होतं.

"कागदावर तुमचे शेअर बेचाळीसवर आणले होते," बाई म्हणाल्या. "खरे पासष्ट होते. साठीच्या तोंडावरचा माणूस पस्तिशीतल्या पोरासारखा पैसा लावून बसला होता. सात वर्षांची सोय आहे असं मी धरून चालले होते. स्थिर बाजूला खरे आहेत ते चार वर्षांचे."

"चार," काकू म्हणाल्या.

"त्या पाच-सहा कंपन्या आज विका. जे येईल ते स्थिर बाजूला. चाळीस-साठ पुन्हा जवळजवळ जुळतं."

"आत्ता विकलं तर तोटा पक्का होईल," काका म्हणाले. "थोडं थांबलो तर—"

"तोटा झालाय. त्याला तुमच्या सहीची गरज नाही."

"जुळतं म्हणजे सगळं ठीक?" काकूंनी विचारलं.

"प्रमाण ठीक. पण भांडं लहान झालं. ते विकून आलेले धरूनही सातची पाचच वर्षं झाली. दोन वर्षं कुठूनतरी आणावी लागतील."

काकू उठल्या. गुडघा धरून उठल्या. "कुठून आणायची ते कळलं मला," म्हणाल्या, आणि जिना उतरायला लागल्या.

रस्ता ओलांडताना काकांनी सवयीनं मनगट धरलं. त्यांनी ते हिसडून सोडवलं आणि एकट्याच पलीकडे गेल्या. एका गाडीनं ब्रेक मारला. ड्रायव्हर काहीतरी बोलला. काकूंनी त्यालाही सुनावलं.

घरी आल्यावर त्यांनी चप्पल न काढता बोलायला सुरुवात केली.

"लिफ्टचा ब्रेक काढून ठेवतोस का तू? वर जाताना मजेत जातेय म्हणून?"

पंचवीस वर्षांत पहिल्यांदा त्या त्यांना तू म्हणाल्या होत्या. दोघांनाही ते ऐकू आलं.

"मी तुझ्यासाठीच—"

"माझं नाव घेऊ नकोस. माझ्यासाठी करायचं होतं तर मला सांगितलं असतंस. चार वर्षं माझ्या शेजारी बसून खोटा आकडा सांगितलास. मी तिथं बसले होते. मी त्या बाईला चहाला थँक्यू म्हणत होते!"

"चढत असताना दुप्पट झाले होते गं. तेव्हा तूही खूश झाली असतीस."

"झाले असते. आणि मग म्हटलं असतं, वीक. म्हणून नाही सांगितलंस."

काकांनी फोन काढला, त्या पाच-सहा कंपन्या उघडल्या आणि एकेक करून विकल्या. शेवटच्या एकीवर अंगठा थांबला.

"वीक," काकू म्हणाल्या.

विकली.

मग काकूंनी कोरा कागद आणला आणि टेबलावर त्यांच्यासमोर ठेवला. "साहेबांना लिही. निवृत्ती नको, दोन वर्षं वाढवून द्या म्हणून. मी दुकानात सांगते उद्या, मला अजून ठेवा. त्या नव्या पोरीला काय सांगायचं ते माझं मी बघते."

"तू कशाला? तुझे गुडघे—"

"माझे गुडघे तुझ्या हिशोबात होते कधी?"

काकांनी लिहायला घेतलं. अक्षर सुरेख, लिफ्टच्या नोंदवहीत लिहितात तसं. विषय लिहिला. महोदय लिहिलं. पस्तीस वर्षं सेवेत आहे, हे लिहिलं. पुढे लिहिलं, 'काही घरगुती कारणांमुळे'.

काकूंनी मागून वाचलं. हात पुढे करून पेन घेतलं आणि ते तीन शब्द खोडले. इतक्या जोरात की कागद फाटला.

"घरगुती नाही," त्या म्हणाल्या. "घरानं काही केलेलं नाही, तू केलंयस. कारण लिही. खरं."

त्यांनी दुसरा कागद दिला. काकांनी विषय लिहिला, महोदय लिहिलं, पस्तीस वर्षं लिहिलं. 'मी' लिहिलं आणि थांबले. काकू खुर्ची ओढून समोर बसल्या. पाय दुसऱ्या खुर्चीवर घेतले. मोजे काढले. वाट बघत राहिल्या.

फोन वाजला. कुठल्यातरी इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती, आत दोन माणसं होती. काका उठले, हत्यारांची पिशवी घेतली, आणि एकदा कागदाकडे आणि एकदा काकूंकडे बघून निघून गेले.

टेबलावर कागद तसाच राहिला. विषय, महोदय, पस्तीस वर्षं, आणि पुढे 'मी'.