टिचबटणं

माझ्या बापाचा हात फार जड होता. हे आधीच सांगते, कारण माणूस मेला की लोक त्याला देव करतात आणि मला ते आवडत नाही. अप्पा मारकुटाच होता. पण लेकरांचे कपडे शिवावेत तर त्यानंच, असं अख्खं हुलसूर म्हणायचं.

लेकराच्या झबल्याला तो कधी घुंगरू, मणी लावत नसे. पोर तोडतं आणि गिळतं. गळ्याला नाडी तर अजिबात नाही. आमच्या गल्लीतलं एक लेकरू गळ्याची नाडी पाळण्याच्या कडीत अडकून गेलं होतं. ते अप्पानंच खाली काढलं होतं. त्यानंतर एका बाईनं हट्ट केला, तेव्हा त्यानं कापड तिच्या अंगावर फेकलं. "पोराला फास पाहिजे तर दोर घे, माझ्याकडं कामून आलीस?" गळ्याच्या नाडीच्या जागी तो पाठीवर टिचबटणं लावायचा. दाबलं की बसतात, ओढलं की सुटतात. आणि घेराच्या वर दोन-तीन आडव्या दुमडी घालून लांब टाके मारायचा. पोर वाढलं की एकेक दुमड उसवायची, झगा लांब होतो.

निजाम जायच्या आधीचे ते दिवस. गावोगाव टोळ्या फिरत होत्या, घरं पेटत होती. शेजारचं गाव जळालं तेव्हा मंठाळला मामाकडं जायचं ठरलं. आईनं आपल्या माळेतल्या सोन्याच्या पुतळ्या धाकटीच्या झग्यात लपवल्या. धाकटी तीन वर्षांची, मी बारा. दुमड म्हणजे आतून पोकळ नळीच. एका टोकाकडून एकेक पुतळी आत सरकवली आणि तोंड शिवून टाकलं. लेकराच्या झग्यात कोण बघतंय? शिंप्याच्या घरालाच सुचणारी अक्कल.

पण सोन्याचं वजन. धाकटी दोन पावलं चालली की झगा खाली ओढला जाई आणि वरचं टिचबटण टिचकन सुटे. मला वाटलं, वाटेत झगाच गळून पडला तर? कुणाला न विचारता मी दुहेरी दोऱ्यानं पाठ पक्की शिवून टाकली. शाबासकी मिळेल असं वाटत होतं.

धाकटीला गाडीत चढवताना अप्पाच्या बोटाला ते टाके लागले. "हे कुणी केलं?" मी पुढं झाले. त्यानं अशी थोबाडीत दिली की ओठ फुटला, तोंडात रक्ताची चव आली.

"लेकराला कुणी झग्याला धरलं तर ते झग्यातून सुटाया पाहिजे. कळंना व्हय तुला?" म्हणत त्यानं कात्रीनं माझा एकेक टाका कापला. आई म्हणाली, "अहो, सोनं हाय त्यात." तो म्हणाला, "जाऊ दे सोनं." मी गाडीच्या मागल्या बाजूला बसून ओठ चाटत होते. हा मरत का न्हाई एकदाचा, असं मनात म्हणले. अगदी मनापासून म्हणले.

दुपारी तुरीच्या रानाजवळ तिघं आडवे आले. कुऱ्हाडी होत्या. अप्पा ओरडला, "पळा." आई काखेत गाठोडं मारून, माझा हात धरून तुरीत घुसली, धाकटी आमच्या मागनं पळत होती. एकानं तिला मागून झग्याला धरलं. त्याला ते वजन हाताला लागलं असणार, कारण तो हसला आणि त्यानं हिसडा दिला. तिन्ही टिचबटणं एकापाठोपाठ सुटली. झगा त्याच्या मुठीत राहिला आणि धाकटी उघड्या अंगानं खाली पडली, उठली, आमच्याकडं धावली. तो तिच्यामागं वळला, तेवढ्यात अप्पानं त्याच्या मांडीत कात्री खुपसली.

दुसऱ्यानं अप्पाच्या मानेवर कुऱ्हाड घातली. एकदा नाही. आईनं माझं डोकं मातीत दाबलं होतं, पण ते घाव मी मोजले. पाच.

मंठाळला पोचलो तेव्हा धाकटीचा एकच झगा गाठोड्यात होता. अप्पाच्या हातचा, तीन दुमडींचा. दरवर्षी आई एक उसवायची. आतलं कापड नवं निघायचं, वरचं विटलेलं. तिसऱ्या वर्षी शेवटची दुमड उसवायला तिचा हात धजेना. झगा आखूड झाला, गुडघ्याच्या वर गेला, बायका नावं ठेवू लागल्या. शेवटी मीच कात्री घेतली.

टाके लांब होते, सुटायला सोपे. त्यानं ते उसवायसाठीच घातले होते. आई बघत बसली आणि म्हणाली, "आता त्यांचं काहीच शिल्लक न्हाई." मी जिभेनं ओठ चाचपला. आत एक बारीक गाठ होती, त्या थोबाडीची. ती अजून आहे. मी मनात काय म्हणले होते ते आईला मी कधी सांगितलं नाही. सांगायच्या आधी तीच गेली.