तीनदा भरती झालेला कारागीर

बमरोलीच्या आमच्या गल्लीत एक काका राहतात. सख्खे नाहीत, पण माझे वडील आणि ते धुळ्याकडून एकाच वर्षी सुरतला आले, म्हणून काका. वडिलांनी लूम, म्हणजे यंत्रमाग, कधीच सोडले. काका अजून चालवतात. चालवतात म्हणजे गावाकडे कुणाचं लग्न, साखरपुडा, जावळ नसेल तेव्हा. असलं काही निघालं की ते खात्याच्या मास्तरला सांगतात, "लगीन शे," आणि जातात. रजा संपते, काका येत नाहीत. नाव कटतं. मग महिन्याभराने ते तोंडभर हसत दारात उभे राहतात आणि पुन्हा भरती होतात.

काका जिथे लूम चालवतात त्याच कारखान्याच्या ऑफिसात मी काम करते. कॉलेज झाल्यावर पायथॉनचा सहा महिन्यांचा कोर्स केला, आणि तो संपतो न संपतो तोच शेठनी मला ठेवून घेतलं. शेठ गुजराती, पन्नाशीचे, स्वभावाने गोड. त्यांना दर महिन्याला 'कॉम्प्युटरचा रिपोर्ट' हवा होता: कुठल्या कारागिराने किती मीटर कापड विणलं, आणि सगळं मिळून किती. आमच्याकडे पगार हजेरीवर असतो, त्यामुळे या आकड्यांवर कुणाची भाकरी अवलंबून नव्हती. पण त्या महिन्यात शेठनी जाहीर केलं की सगळ्यात जास्त मीटर काढणाऱ्याला मिक्सर बक्षीस. मग आकड्यांना एकदम वजन आलं.

लूम खात्याचे मास्तर आतापर्यंत सगळी बेरीज वहीत करायचे. मी आल्या आल्या त्यांना सांगितलं, "मास्तर, आता वही बंद. तुम्ही फक्त रोजच्या चिठ्ठ्या द्या." मास्तर नागपूरकडचे, तीस वर्षं लूममध्ये काढलेले. त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं आणि वही खणात ठेवली. खणाला कुलूप लावताना त्यांनी ज्या सावकाशीने किल्ली फिरवली, तो माझा अपमान होता हे मला नंतर कळलं.

काम सोपं होतं. माझ्याकडे दोन तक्ते होते. एकात रोजचं उत्पादन: तारीख, कार्ड नंबर, मीटर. एका कारागिराची एका दिवसाची एक ओळ, अशा महिन्याच्या एक हजार बारा ओळी. दुसऱ्यात कामगारांची यादी: कार्ड नंबर, नाव, पाळी, भरतीची तारीख. पहिल्यात नावं नव्हती, म्हणून पायथॉनच्या पांडाज या साधनात दोन्ही तक्ते कार्ड नंबरवर जोडले. याला मर्ज म्हणतात. मी डावीकडच्या तक्त्याला धरून जोडणारा प्रकार निवडला, कारण कोर्समध्ये ऐकलेलं डोक्यात होतं की त्यात डावीकडच्या ओळी तशाच राहतात. मग प्रत्येक कार्डाची बेरीज केली, मोठ्याकडून छोट्याकडे लावली, छापली आणि शेठच्या टेबलावर ठेवली.

पहिला नंबर काकांचा. सतरा हजार सहाशे चाळीस मीटर.

खरं सांगते, मला आनंद झाला. थोडं आश्चर्यही वाटलं, पण मी मनाशी म्हटलं, लोक उगीच नावं ठेवतात, माणूस लूमवर असतो तेव्हा जीव ओतत असणार. कारखान्याची एकूण बेरीज तीन लाख तेहतीस हजारांच्या आसपास आली होती. मागच्या महिन्यापेक्षा थोडी जास्त, अगदी पटेल इतकीच. ती दुप्पट आली असती तर शेठनीसुद्धा भुवया उंचावल्या असत्या. त्यांनी एकूण आकडा वाचला, मान डोलावली, म्हणाले, "सारू छे, बेन," आणि नोटीस लावायला सांगितली. शनिवारी सकाळी आवारात बक्षीस.

नोटीस लागली आणि काका एका दुपारीत विद्वान झाले. चहाच्या सुट्टीत कारागीर त्यांच्याभोवती जमायचे. मी पाणी भरायच्या निमित्ताने ऐकायला उभी राहिले.

"काका, एवढे मीटर काढता कसे?" एका तरण्या कारागिराने विचारलं.

काकांनी बशीतला चहा संपवला. "दर दोन महिन्यांनी गावाला जायचं," ते म्हणाले. "चार दिवस जास्तच राहायचं. हात मोकळे होतात. मग आल्यावर बघ कापड कसं धावतं."

दोघांनी गंभीरपणे माना हलवल्या. त्यातल्या एकाने संध्याकाळी मास्तरांकडे रजेचा अर्ज दिला.

अर्ज घेऊन मास्तर थेट माझ्या टेबलाशी आले.

"पोरी, तुझे काका दिवसाला किती मीटर काढतात?"

मी भागाकार केला. "एकवीस दिवस भरले. म्हणजे दिवसाला आठशे चाळीस."

"त्यांच्याकडे आठ लूम आहेत. आठ लूम अख्खी पाळी न थांबता चालले, दोरा एकदाही तुटला नाही, काका लघवीलाही उठले नाहीत, तरी चारशे होत नाहीत. आठशे चाळीस कुठून आले?"

"कॉम्प्युटर चुकत नाही, मास्तर."

"कॉम्प्युटर चुकत नसेल," मास्तर म्हणाले. "पण मी घडी खात्यात विचारून आलो. तिथे सगळं कापड मोजून लागतं. ते म्हणतात, तीन लाख तेरा हजार. तुझं वीस हजार मीटर कापड कुठे पडलंय ते दाखव, मी उचलून आणतो."

ते गेल्यावर मी रागारागाने काकांचं कार्ड तेवढं वेगळं काढून पाहिलं. पहिली तारीख, दोनशे ऐंशी मीटर. खाली पुन्हा तीच तारीख, दोनशे ऐंशी मीटर. खाली पुन्हा तीच. दुसरी तारीख, तीन वेळा. तिसरी, तीन वेळा. एकवीस दिवसांच्या त्रेसष्ट ओळी.

मग कामगारांची यादी उघडली. काका तीन ठिकाणी होते. कार्ड नंबर तोच, नाव तेच, भरतीच्या तारखा तीन. दर वेळी लग्नाहून परत आले की ऑफिसने नवी ओळ टाकली होती आणि जुनी कुणी काढली नव्हती. माझ्या मर्जने इमानदारीने काम केलं होतं: रोजच्या एका ओळीला यादीत तीन जोड्या सापडल्या, म्हणून त्याने तीन ओळी करून दिल्या आणि प्रत्येकीत दोनशे ऐंशी मीटर पुन्हा लिहिले. डावीकडच्या ओळी तशाच राहतात म्हणजे एकही गळत नाही, एवढंच. वाढणार नाहीत असं मला कुणीच सांगितलं नव्हतं. ते मीच धरून चालले होते. जोडण्याआधी एक हजार बारा ओळी होत्या, जोडल्यानंतर एक हजार एकोणऐंशी. त्यातल्या बेचाळीस जास्तीच्या काकांच्या. उरलेल्या पंचवीस दुसऱ्या नंबरवाल्याच्या: त्याची पाळी बदलली होती, म्हणून तो यादीत दोनदा होता.

म्हणजे गावाला जाण्याने मीटर वाढतात हे काकांचं म्हणणं माझ्या रिपोर्टपुरतं शब्दशः खरं होतं. जितक्या वेळा भरती, तितक्या पट कापड.

दोघांचे आकडे खरे केल्यावर पहिला नंबर यवतमाळकडच्या एका अबोल कारागिराचा होता. सव्वीस दिवस, आठ हजार आठशे चाळीस मीटर. माझ्या रिपोर्टमध्ये तो तिसरा होता आणि त्याने हूं की चूं केलं नव्हतं.

शेठना सांगायच्या आधी काकांना सांगावं, म्हणून मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. काकू भांडी आवरून फळीवर मिक्सरसाठी जागा करत होत्या. मी काकांना ओट्यावर बोलावलं आणि सगळं सांगितलं. 

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "हाई मना काम नही शे, पोरी. एवढं कापड विणायला मला मारुती व्हावं लागेल."

"मग बोलला का नाहीत?"

"बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला विचारलं, की कसं करता. म्हटलं, दोन दिवस सांगून घ्यावं." मग हळूच म्हणाले, "शनिवारपर्यंत थांबशील?"

"नाही थांबणार, काका."

"मग उद्या दुपारी सांग. सकाळच्या चहाला मला अजून एक सल्ला द्यायचाय."

मी हो म्हणायला नको होतं. मी हो म्हटलं. सल्ला काय होता ते मला कळलं नाही, पण दुसऱ्या दिवशी चार कारागीर लूमला हात लावण्यापूर्वी त्याला उजवीकडून फेरी मारताना दिसले.

दुपारी मी शेठपुढे दोन्ही रिपोर्ट ठेवले, जुना आणि नवा. नव्याची बेरीज घडी खात्याशी जुळत होती.  शेठनी काकांच्या त्या त्रेसष्ट ओळींवर बोट फिरवलं.

"एटले, हा माणूस पळून गेला की माझं उत्पादन वाढतं?"

"रिपोर्टात वाढतं, शेठ. चूक माझी आहे. जोडल्यावर ओळी मोजायला हव्या होत्या."

शेठ खिडकीकडे तोंड करून बसले. खांदे हलत होते. मला वाटलं रागावले. ते हसत होते. वळून म्हणाले, "मास्तरची वही सहा महिने चालू ठेव. तुझी आणि त्याची बेरीज रोज जुळव. आणि बक्षीस तुझ्या काकाच्या हाताने द्यायचं."

ते मास्तरांना सांगायला मलाच जावं लागलं. मास्तरांनी खण उघडला, वही काढली आणि तिच्यावर नसलेली धूळ झटकली. 

यादी दुरुस्त करताना मी आंधळेपणाने ओळी उडवल्या नाहीत. दोघांच्याही बाबतीत ऑफिसला विचारून सध्याची ओळ ठेवली. मर्जमध्येही अट घातली, व्हॅलिडेट, मेनी टू वन: उजवीकडच्या यादीत एखादा नंबर दोनदा आला तर जोडूच नको, अडून बस. पुढच्याच महिन्यात ते अडून बसलं, कारण काका मधल्या काळात एका मुंजीला जाऊन आले होते.

बक्षिसाच्या शनिवारी आवारात काकांनी मिक्सरचा खोका त्या अबोल कारागिराच्या हातात दिला आणि दोन शब्द बोलायची परवानगी मागितली. ते म्हणाले, "कॉम्प्युटर मला तीन समजला. मी घरात एकसुद्धा पुरा पडत नाही." सगळे हसले. अबोल कारागीर खोका छातीशी धरून उभा होता. तोही हसला, पण आवाज न करता.

काकूंना मात्र हसू आलं नाही. आठ दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी नळावर गाठ पडली तेव्हा हंडा खाली ठेवून म्हणाल्या, "मला नवरे तीन दाखवलेस, आणि मिक्सर एकसुद्धा नाही. असलं कसलं गं शिकलीस तू?"