दोनशे एक ओहम

कारखान्यात तिला सगळे मिलिव्होल्टबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. व्होल्टचा हजारावा भाग म्हणजे मिलिव्होल्ट. असले वीस-तीस दाणे बोटांवर मोजत तिने अठरा वर्षं काढली होती.

हे काम तिला नवऱ्याने शिकवलं. क्रेनला लावायचे वजनकाटे तो आणि त्याचा मोठा भाऊ मिळून बनवत. नवरा तापाने आठ दिवसांत गेला आणि त्याच्या टेबलाशी ती बसली. थोरल्या भावजींनी कारखान्यामागची खोली तिला राहायला दिली आणि पुढची अठरा वर्षं, पाहुणे आले की, ती कशी दिली हे सांगत राहिले. ती खाली मान घालून चहा ठेवायची.

पण टेबलाशी बसली की तिच्यापुढे कुणाचं काही चालत नसे. काट्याचा जीव असतो पोलादाच्या एका ठोकळ्यात. त्यावर केसाएवढ्या बारीक तारांच्या चार पट्ट्या चिकटवलेल्या असतात आणि त्या चौकोनात जोडलेल्या असतात. त्या चौकोनाला ब्रिज म्हणतात. भार पडला की पोलाद डोळ्याला दिसणार नाही इतकं वाकतं. दोन पट्ट्या ताणल्या जातात, दोन दबतात, आणि ब्रिजचा तोल ढळतो. एका कोपऱ्याजोडीला दहा व्होल्ट दिले की दुसऱ्या जोडीला मिलिव्होल्टचे मोजके दाणे मिळतात. किती मिळणार, ते ठोकळ्यावरच कोरलेलं असतं. तीन मिलिव्होल्ट दर व्होल्टला, असं लिहिलेलं असेल तर दहा व्होल्टांवर, पूर्ण भाराला, तीस. मग ॲम्प्लिफायरने ते तीस वाढवून पाच व्होल्ट करायचे आणि पाच व्होल्ट म्हणजे पाच टन, असं पडद्यावर दाखवायचं. किती पट वाढवायचं ते एका चिमुकल्या रेझिस्टरवर ठरतं; त्याचे ओहम कमी, तर पट जास्त. तीस मिलिव्होल्टसाठी एकशे सदुसष्ट पट, म्हणजे तीनशे दोन ओहम. हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं.

ओतकाम कारखान्याची ती ऑर्डर तिच्या धाकट्या भावामुळे मिळाली. तो तिथे क्रेन चालवायचा. वर केबिनमध्ये एकटा बसून खालच्या माणसांच्या हातवाऱ्यांवर बोजे उचलायचा. जुना काटा बंद पडला तेव्हा त्यानेच साहेबांना सांगितलं की माझ्या ताईने बसवलेला काटा आणा, डोळे मिटून उचलता येईल. भावजी खूश झाले. त्या आठवड्यात त्यांनी तिला दोनदा "आमच्या घरची सून" म्हटलं.

तिने ॲम्प्लिफायरचे बोर्ड लावून, ठोकळ्याऐवजी बनावट मिलिव्होल्ट देणाऱ्या पेटीवर तपासून, डबे बंद केले. ज्या दिवशी माल जायचा त्या सकाळी नवे ठोकळे आले. दिसायला अगदी तेच. तिने सवयीने अंगठ्याने धूळ पुसून कोरीव अक्षरं वाचली आणि तिचा हात थांबला. दर व्होल्टला दोन. भावजींनी दुसरीकडून घेतले होते.

ती त्यांच्या केबिनमध्ये गेली. म्हणाली, पूर्ण भाराला आता वीसच मिळतील. पट तीच राहिली तर पाच टन उचलल्यावर काटा तीन टन तेहतीस दाखवेल. क्रेन आपोआप बंद पाडायची मर्यादा आपण सव्वापाचवर ठेवली आहे, ती खऱ्या पावणेआठच्या पुढे गेल्यावर लागू होईल. मला अर्धा दिवस द्या.

ट्रक दारात उभा होता. भावजी म्हणाले, व्होल्ट पंधरा कर, मग तीस मिळतील. हिशेब चुकीचा नव्हता, म्हणून तिला जास्तच राग आला. आपल्या बोर्डातून दहाच्या वर निघत नाही, ती म्हणाली, आणि निघाले तरी त्या पट्ट्या तापतील, भट्टीजवळ आधीच काहिली, शून्यसुद्धा जागेवर राहणार नाही. बटण फिरवून जुळेल म्हणावं तर त्या बटणाला दहा टक्क्यांच्या पलीकडे जायची ताकद नाही. पट अडीचशे हवी. रेझिस्टरच बदलायला हवा.

"मग दे मला तो," भावजी म्हणाले. "बसवायला मीच जातोय. तिथे बदलतो."

तिने दोनशे एक ओहमचा रेझिस्टर कागदाच्या पुडीत बांधला, पुडीवर जागा लिहिली, बोर्डाच्या नकाशाच्या स्वतःच्या प्रतीवर लाल खूण केली. भावजींनी पुडी शर्टाच्या खिशात ठेवली आणि तपासणीचं प्रमाणपत्र पुढे सरकवलं. बदल तर अजून व्हायचा होता. ती क्षणभर थबकली. "सही कर, ड्रायव्हर खोळंबलाय," ते म्हणाले, आणि तिने केली.

संध्याकाळी तिने विचारलं. बदलला, ते म्हणाले. वजन टाकून पाहिलं का? त्यांनी मान हलवली. हो की नाही, कळेल अशी ती मान नव्हती.

चौथ्या दिवशी दुपारी भावाचा फोन आला. मागे भट्टीचा घरघराट होता.

"ताई, काटा चार दाखवतोय, पण मोटर सहा उचलल्यासारखी कण्हते."

चार आणि सहा. दीडपट. तीस भागिले वीस म्हणजे दीडच. तिने त्याला थांबायला सांगितलं आणि फोन हातात धरूनच केबिनकडे धावली. भावजी जेवत होते. त्यांनी घासही खाली ठेवला नाही.

"एकदा सांगितलं ना बदलला म्हणून? त्या क्रेनची मोटर म्हातारी झालीय. मला खोटारडा ठरवायचं असेल तर तसं सांग, खोलीची किल्ली ठेव आणि जा."

ती व्हरांड्यात आली. समोरच्या भिंतीवर पाण्याचा नळ ठिबकत होता. भाऊ फोनवर वाट पाहत होता. अठरा वर्षांत तिने स्वतः न पाहिलेला आकडा कुणाला सांगितला नव्हता. आज सांगितला.

"काटा बरोबर आहे," ती म्हणाली. "मोटर तपासून घ्या."

"झालं तर मग," भाऊ म्हणाला. त्याच्या आवाजातला भार उतरल्याचं तिला स्पष्ट ऐकू आलं.

दोन दिवसांनी त्याने एक मोठं ओतीव धूड उचललं. पडद्यावर चार टन ऐंशी. पाचच्या आत, सगळं नियमात. बोजा खरा सात टनांच्या वर होता. अर्ध्या उंचीवर ब्रेकला तो पेलवेना आणि घसरू लागला. खाली साखळ्या बांधणारा माणूस उभा होता, तिच्या भावजयीचा सख्खा भाऊ. वरून ओरड ऐकून तो मागे सरला, पण पुरेसा नाही. त्याचे दोन्ही पाय गुडघ्यांपासून खाली गेले.

चौकशीला सरकारी निरीक्षक आला. त्याने दोन टनांचं प्रमाणित वजन आणवून क्रेनच्या हुकाला लावलं. काट्याने एक टन तेहतीस दाखवलं. मग त्याने डबा उघडला, भिंग धरलं आणि रेझिस्टरवरचे, त्याचे ओहम सांगणारे रंगीत पट्टे वाचले. तीनशे दोन. सोल्डरच्या टाक्याला कुणी हातही लावलेला नव्हता. मग त्याने प्रमाणपत्र उलगडलं आणि सही कुणाची म्हणून विचारलं.

तिने सगळं सांगितलं. पुडी, लाल खूण, ट्रक. भावजींनी तिचं बोलणं संपेपर्यंत दु:खी चेहऱ्याने ऐकून घेतलं आणि म्हणाले, घरचं माणूस म्हणून विश्वास टाकला, त्याचं हे फळ. नकाशाची त्यांच्याकडची प्रत कोरी होती. लाल खुणेची प्रत तिच्या टेबलाच्या खणातून नाहीशी झाली होती. निरीक्षकाने तिच्या भावाला विचारलं. भाऊ तिच्याकडे न बघता म्हणाला, "मी फोन केला होता. ताई म्हणाली, काटा बरोबर आहे."

यात एक अक्षर खोटं नव्हतं.

त्या संध्याकाळी जाऊबाई खोलीवर आल्या. बसल्या नाहीत. दाराला टेकून, निवडायला घेतलेल्या भाजीविषयी बोलावं तशा बोलल्या.

"ह्यांचा शर्ट धुवायला काढला तेव्हा पुडी होती खिशात. तुझं अक्षर. मी गटारात टाकली."

ती उठून उभी राहिली.

"तुला कळावं म्हणून सांगतेय, उगाच शोधत बसशील. मला दोन मुली उजवायच्यात. तुझ्यामागे कोण आहे? तुझं असं काय जाणार आहे?" आणि जाताना दार ओढून घेतलं, हळू, कडी न वाजवता.

ती दुसऱ्या दिवशी निरीक्षकाकडे जाऊन पुडीचं सांगून आली. त्याने लिहून घेतलं. जाऊबाईंनी कानांवर हात ठेवले. निकाल लागला तो असा: तिला सहा महिन्यांची कैद आणि तपासणीची सही करायला कायमची बंदी. कारखान्याला समज.

सुटल्यावर ती आधी रुग्णालयात गेली, मग, तो जखमी माणूस तिथे आहे असं कळल्यावर, भावाच्या घरी. भावजयीने दार उघडलं. "वन्सं, कशाला आलात," एवढंच म्हणाली, पण आतून भावजयीचा भाऊ म्हणाला, येऊ दे.

तो खिडकीशी चाकाच्या खुर्चीत बसला होता. मांडीवर घडी घातलेली चादर. त्याने तिला बसायला सांगितलं नाही. बराच वेळ नीट बघितलं, जणू चेहरा पाठ करायचा होता.

"मी अठ्ठ्याहत्तर किलो होतो," तो म्हणाला. "आता किती भरेन?"

तिची नजर चादरीच्या घडीवर गेली.

"सांगा ना. तुमचंच काम ते. अंदाजे सांगितलं तरी चालेल, तुमचं अंदाजे पण चालतं."

तिला आकडा माहीत होता. मन तिचं ऐकत नसे. मनाने तो केव्हाच काढला होता. ती म्हणाली, मला माफ करा. तो म्हणाला, मी आकडा विचारलाय. भावजय दारात उभी राहून ऐकत होती, पण तिने काही भावाला थांबवलं नाही.

"अडुसष्ट," ती शेवटी म्हणाली. "जवळपास."

"सदुसष्ट," तो म्हणाला. "मोजून घेतलंय." मग त्याने खुर्ची खिडकीकडे वळवली. तिचा स्वतःचा भाऊ स्वयंपाकघरात होता. त्याचा खोकला तिला ऐकू आला. तो बाहेर आला नाही.

तिने चार ठिकाणी काम विचारलं. हातातली कला बघून माणसं खूश व्हायची, मग नाव विचारायची आणि चेहरा बदलायचा. पाचव्या महिन्यात भावजींचा निरोप आला. टेबलाशी बसवलेली दोन माणसं टिकली नव्हती, परत आलेल्या काट्यांचा ढीग पडला होता. त्यांनी अटी सांगितल्या: खोली मिळणार नाही, पगार अर्धा, आणि तिचं नाव कुठल्याही कागदावर येणार नाही. सही ते स्वतः करतील.

तिने विचार करायला एक दिवस मागितला. भावजी हसले. "कसला विचार? दुसरं कोण घेणार आहे तुला?"

ती सोमवारी गेली. टेबलावर कुणीतरी चहाचे डाग पाडून ठेवले होते, तिने ते पुसले. भावजींच्या टेबलामागे भिंतीवर अचूकतेबद्दल मिळालेलं नवं सन्मानपत्र चौकटीत लावलं होतं. पहिला ठोकळा तिने उचलला, अक्षरं वाचली, दहा व्होल्ट जोडले आणि पट मोजली. मग उठून केबिनपाशी गेली आणि म्हणाली, हा खरं वजन टांगून बघायला हवा, दोन टन तरी आणवा.

भावजींनी मान वर केली नाही. "पेटीवर जुळतंय ना?"

"पेटीवर जुळतंय."

"मग डबा बंद कर," ते म्हणाले, आणि प्रमाणपत्रावर स्वतःची सही केली.