म्हाळूचं पंचावन्न सेकंदांचं बोलणं

आमच्या निमोणे गावचा म्हाळू म्हणजे मोठा हिशेबी माणूस. त्याच्या वडिलांनी मेंढरं मोजली, यानं सेकंद मोजले. एके काळी फोनचं बिल मिनिटावर होतं. दहा सेकंद बोला, पैसे पुऱ्या मिनिटाचे. एकसष्टावा सेकंद लागला की दोन मिनिटांचे. त्या दिवसांत म्हाळू मनात आकडे मोजत बोलायचा आन् पंचावन्न झाले की फोन कापायचा. बहीण रडत असो की हसत असो! पुढं बिल सेकंदावर आलं, पण हा विद्वान पंचावन्नावरच.

यंदा दोन एकर ऊस तोडीला आला. साखर कारखान्याचा चिटबॉय, म्हंजी तोडीच्या चिठ्ठ्या देणारा भैरू, ज्याची पाळी आली त्याला फोन करतो. फोन लागला न्हाई की पाळी पुढच्याला. आठ दिवस झाले तरी म्हाळूचा फोन वाजेना. ऊस वाळायला लागला.

"आबा, माझ्या फोनात शहाऐंशी रुपये हायती, तरी फोन मेला!" म्हाळू माझ्याकडं आला. मला असल्या कामात लई आनंद. एस्टीनं त्याला शिरूरला, डेपोजवळच्या प्रगतीच्या मोबाइलच्या दुकानात नेलं.

प्रगतीनं फोन बघितला. "म्हाळूमामा, व्हॅलिडिटी संपून महिना झाला. पहिलं जाणारे फोन बंद, मग येणारेबी. तुम्ही दोनदा दहा-दहाचा टॉपअप मारलाय, त्यानं नुसता टॉकटाइम वाढला."

"पैसं हायती ना आत?"

"विहिरीत पाणी हाय, पण मोटारीची लाइन तोडलीय. टॉकटाइम म्हंजी पाणी, व्हॅलिडिटी म्हंजी लाइन. आन् हा डेटा पॅक कशाला घेतलात?"

"स्वस्त होता."

"तो इंटरनेटचा. तुमच्या बटणाच्या फोनात तो काय करणार, आन् व्हॅलिडिटी नसली तर तो कुणाच्याच फोनात चालत न्हाई."

मी हसलो, तर म्हाळूनं माझ्याकडं असं बघितलं, जणू पॅक मीच विकलाय.

अठ्ठावीस दिवसांचा रिचार्ज मारला. दुकानातच फोन वाजला. भैरू! "मामा, चार दिवस फोन करतोय, कुठं व्हता? तोडीची टोळी मोकळी झालीय, तुमच्या रानात..." म्हाळूचे ओठ हलत होते. मला शंका आली, तेवढ्यात त्यानं फोन कापला.

"अरं, तारीख सांगत व्हता! आन् येणाऱ्या फोनला पैसं न्हाईत!" मी ओरडलो.

"सवय, आबा." त्याचा चेहरा उतरला.

"लाव परत. तुझं बिल सेकंदाला अडीच पैसे हाय. सत्तर सेकंद बोललास तर सत्तरचंच, मिनिटावालं असतं तर दोन मिनिटांचं लागलं असतं."

म्हाळूनं फोन लावला. पंचावन्न आले तसा त्याचा अंगठा लाल बटणावर गेला. प्रगतीनं चक्क त्याचा हात धरला.

"बुधवारी सकाळी टोळीचे कोयते येतील," पलीकडून भैरू बोलला, "आन् मामा, इतका येळ बोलताय, तब्येत बरी हाय ना?"

बुधवारी ऊस तुटला.