माठातला डोंगर

वाळ्याचा वास आधी घशाला कळतो, मग नाकाला. त्या भाद्रपदात आमच्या गावातल्या प्रत्येक माठातून तो दरवळत होता, आणि बाहेर दोन दिवस झड लागलेली होती.

आमचं गाव घाटाच्या पायथ्याशी. रस्ता रुंद करताना डोंगराची कड उभी कापली गेली: वर सैल मुरूम, खाली काळा खडक. ती कड धरून ठेवावी म्हणून माझ्या थोरल्या जावेच्या बचत गटाने उतारावर वाळ्याच्या आडव्या ओळी लावल्या होत्या. वाळ्याची मुळं सरळ खाली उतरतात आणि मातीला शिवून टाकतात, असं रस्त्याच्या अभियंत्यांनी सांगितलं होतं. दुसऱ्या वर्षी ओळी छान फुटल्या. मग उन्हाळा आला.

झडीच्या दुसऱ्या दिवशी ते अभियंते चिंब भिजून आमच्या दारात आले. जावेने रीतीप्रमाणे पाणी दिलं. त्यांनी तांब्या रिकामा करून डोळे मिटले.

"वा, वहिनी! काय सुगंध आहे! आणता कुठून हा वाळा?"

जाऊ पदर सावरू लागली. मी खिडकीतून डोंगराकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं, मग तांब्यात पाहिलं.

"मी तर डोंगरावरचा वाळा कुठं गेला हे विचारायला आलो होतो," ते हळूच म्हणाले.

"मी एकच जुडी घेतलती, साहेब. एवढ्या थोरल्या डोंगराला एका जुडीनं काय व्हतंय?"

गटातल्या बायका ओट्यावर जमल्या. प्रत्येकीने एकच जुडी घेतली होती. कुणीही खोटं बोलत नव्हतं.

आम्ही सगळे रस्त्यापर्यंत गेलो. पुढे जायला साहेबांनी मनाई केली. जिथे वाळ्याचा ठोंब होता तिथे आता खळगा होता, आणि प्रत्येक खळगा वाटीसारखा काठोकाठ भरलेला. ते पाणी मुरमात मुरत होतं. भिजून मुरूम जड होतो, त्याचे कण एकमेकांना सोडतात, आणि खालच्या खडकावर पाणी साचलं की वरचा सगळा थर घसरायला मोकळा होतो. माथ्याशी भेगही पडली होती. खालूनसुद्धा ती काळ्या दोऱ्यासारखी दिसत होती.

त्या भेगेच्या बरोबर खाली पंक्चरवाल्या चाचांचं पत्र्याचं दुकान.

"चाचा, दुकान सोडा. कड येतेय खाली," साहेब म्हणाले.

"माझ्या आजापासून हा डोंगर हितंच हाय. आजच कशापायी येईल?"

"तुमच्या आजोबांनी त्याचा पायथा कापला नव्हता."

"हातभरच कापलाय, साहेब. टायर ठेवायला."

तेवढ्यात बायका घरी जाऊन परत आल्या. ताटांत माठांमधली ओली मुळं, ओटी भरायला निघाल्यासारख्या. "घ्या, परत लावा," जाऊ म्हणाली.

"वहिनी, नुसतं मूळ जगत नाही. कोंब फुटणारा ठोंब लागतो. आणि जगलं तरी धरायला दोन पावसाळे."

ताटं पावसात भरू लागली. साहेबांनी वाहनं अडवली, आणि माथ्यामागच्या शेतातून, भेगेपासून लांब राहून, पाणी वळवणारी बुजलेली चर मोकळी करायला माणसं पाठवली. चाचा मात्र हवा भरायच्या मशीनपाशी बसून राहिले. गिऱ्हाईक आलं तर? रस्ता बंद आहे, गिऱ्हाईक कुठून येणार, हे त्यांना पटेना.

मी कडेपासून लांब, मी शिकवते त्या शाळेत गेले, माझ्या स्कूटीच्या मागच्या चाकातली हवा सोडली, आणि त्यांना फोन केला. "चाचा, शाळेपाशी पंक्चर झालीय. लई घाई आहे."

चाचा पिशवी घेऊन धावत आले. ट्यूब काढली, हवा भरली, बादलीत बुडवून वळसा वळसा फिरवली. बुडबुडा निघेना. त्यांनी संशयाने माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फिरवली.

"मॅडम, ट्यूब तर चांगली हाय की!"

"नीट बघा ना."

"तीस वर्सं बघतोय मी!" असं ते चिडून ओरडले, आणि ज्वारीचं पोतं कुणी एका दमात ओतावं तसा आवाज घाटाकडून आला. तो थांबला तेव्हा चाचांचा हात बादलीतच होता. शाळेच्या फाटकातून पाहिलं तर पत्र्याच्या छपराचा एक कोपरा तेवढा मुरमातून वर दिसत होता.

नंतर ती कड पायऱ्यापायऱ्यांनी उतरती केली गेली. पायथ्याशी तारेच्या जाळ्यांत दगड भरून भिंत उभी राहिली. पाणी तिच्यातून पाझरतं, मागे साचत नाही. वर चर बांधून काढली, आणि वाळा पुन्हा लावला, ठोंबासकट. चाचांनी नवं दुकान रस्त्यापलीकडे, उताराकडे तोंड करून थाटलं.

पुढच्या चैत्रात मी त्या भिंतीपाशी थांबले. खालच्या ओळीतला एक ठोंब हिरवागार माजला होता. मूळ किती धरलंय ते पाहावं म्हणून मी वाकले आणि पाती मुठीत घेऊन अगदी हलकेच ओढली.

पाठीमागून, रस्त्यापलीकडून चाचांचा आवाज आला, "खबरदार!"