निबंध पुसून लिहिला तेव्हा

वणीच्या कॉलेजात मी भूगर्भशास्त्राच्या पहिल्या वर्षाला होते. शिष्यवृत्तीच्या ऑनलाइन अर्जात शेवटी एक निबंध होता: घरची आर्थिक गरज काय आणि पुढे काय करायचं आहे. मुदत त्याच संध्याकाळी संपत होती. नेट कॅफेवाल्या दादानं तयार नमुना दिला. त्यात अठराविश्वे दारिद्र्य होतं आणि समाजसेवेचं स्वप्न होतं. मी तो उतरवला, पण सबमिटचं बटण दाबवेना. खुर्चीत चुळबुळ करून शेवटी कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर असलेल्या बाबांना फोन लावला आणि निबंध वाचून दाखवला.

"हे कोनाच्या घरचं होय?" त्यांनी विचारलं. "पाठीच्या दुखण्यानं मले रोज गाडी चालवता येत नाही, तेच लिही ना. अन् तुले काय व्हायचं हाय, हे त मलेही माहीत नाही."

मी सगळं पुसलं. बाबांच्या फेऱ्या कमी झाल्यात, फी आणि हॉस्टेल दोन्ही जमत नाही, एवढं सरळ लिहिलं. मग आमच्या गावच्या विहिरी उन्हाळ्याआधीच का आटतात हे शोधायचंय, त्यासाठी भूजलाचं शिक्षण घ्यायचंय, असं लिहिलं. मुदत संपायच्या आत अर्ज पाठवला.

पुढे शिष्यवृत्तीच्या मुलाखतीला बोलावलं; तिथल्या बाईंनी विहिरींबद्दलच विचारलं, आणि मी थांबता थांबेना. शिष्यवृत्ती मिळाली. तिच्यात फी भागली, हॉस्टेल नाही. ते वर्ष मी एसटीनं ये-जा करून काढलं.