शेऱ्याचा रकाना

तिने मोबाईल माझ्यासमोर धरला आणि विचारलं, "हे कोणी लिहिलं?"

तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. कपाळावर टाके होते. डाव्या हातात मोबाईल नीट धरता येत नव्हता, म्हणून तो हलत होता. तरी मला वाचता आलं. आमच्या कंपनीचा सकाळचा रिपोर्ट होता तो. कोणीतरी त्याचा फोटो काढलेला. सगळ्या ओळींत नावाच्या जागी फुल्या आणि फोनच्या जागी फुल्या, शेवटचे दोन आकडे तेवढे उघडे. एका ओळीत मात्र फुल्यांच्या पुढे, शेऱ्याच्या रकान्यात, तिचं पूर्ण नाव आणि सगळा नंबर. पुढे लिहिलेलं: राहाता, शाळेमागची गल्ली, बाई एकटी राहते, मुलगी पाचला येते, पाचनंतर जाणे.

आमच्या शाखेचे साहेब खुर्चीतून उठले. म्हणाले, "ताई, कॉम्प्युटरची चूक झाली. बसा, चहा घ्या."

मी चहा आणायला आत गेले. ते मी लिहिलं होतं.

घरघंट्या, म्हणजे घरातल्या पिठाच्या चक्क्या, बनवणाऱ्या एका कंपनीच्या श्रीरामपूरच्या शाखेत मी कामाला होते. झाडलोट, चहा आणि जेवणाच्या सुट्टीत फोन. चौथी शिकलेली बाई फोनवर बसवली म्हणून आधी सगळे हसले, पण माझ्याकडून तक्रार कधी सुटली नाही. आधी वहीत लिहायचे. मग कंपनीने मोबाईल दिला. त्यात बोललं की अक्षरं आपोआप उमटतात. नावाचा रकाना, फोनचा रकाना, गावाचा, आणि शेवटी मोठा रकाना शेऱ्याचा. तिथं काय बिघडलं ते सांगायचं: पट्टा तुटला, जाळी फाटली, मोटर तापते.

सगळ्या शाखांच्या राहिलेल्या तक्रारी कॉम्प्युटर एकत्र करायचा आणि रोज सकाळी आठ वाजता सगळ्यांना आपोआप पाठवायचा. सगळ्यांना म्हणजे शाखांना, दुकानदारांना, गोडाऊनला, मुख्य ऑफिसातल्या साहेबांना. मिरजगावच्या दुकानदाराला राहात्याच्या गिऱ्हाइकाचं काय करायचं असतं, हे कोणी विचारलं नव्हतं. एका वर्षी मुख्य ऑफिसात एक पोरगी आली. तिनं विचारलं. महिन्याभरात रिपोर्टातली नावं आणि नंबर फुल्यांखाली गेले.

आमचा मेकॅनिक चाळिशीचा, कामाला चांगला, तोंडाला वाईट. पहिल्याच दिवशी ओरडला, "मावशी, ह्या फुल्यांला फोन लावू का आता? हॅलो फुली, पट्टा बदलायला येऊ का म्हणू?"

त्याच्यासाठी वाट ठेवलेली होती. ज्याच्या नावावर तक्रार पडेल त्यानं आपला पासवर्ड टाकून ॲप उघडायचं. त्याला तेवढ्या गिऱ्हाइकाचा नंबर दिसायचा, बाकी कोणाला नाही. पण हा पासवर्ड विसरायचा. नवा घ्यायला मुख्य ऑफिसला फोन करावा लागे आणि तिथं ती पोरगी त्याला बोलायची. त्याला तेच नको होतं. रिपोर्टची प्रिंट खिशात घालून गाडीवर निघायची त्याची सवय होती.

मग मीच डोकं चालवलं. शेऱ्यात फुल्या पडत नाहीत हे माझ्या ध्यानात आलं होतं. नाव, नंबर, पत्ता, घरी कोण कधी असतं, सगळं मी शेऱ्यात बोलायला लागले. दुसऱ्या दिवशी प्रिंटवर सगळं स्वच्छ छापून यायचं.

मेकॅनिक म्हणाला, "मावशी, तुमी मॅनेजर पायजे हुत्या." साहेबही हसले. आमच्या शाखेच्या तक्रारी सगळ्यात लवकर मिटायला लागल्या. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, लई बरं वाटलं.

त्या पोरीनं ते पाहिलं. तिचा फोन आला.

"मावशी, शेऱ्यात नाव-नंबर नका बोलू. पडदा त्या दोन रकान्यांवरच आहे. शेरा जसाच्या तसा सगळीकडे जातो."

"जाऊ दे की. गिऱ्हाईक काय चोर हाय का लपवायला?"

"चोर नाही हो. पण कोणाला कोणापासून लपायचं असेल, आपल्याला काय माहीत?"

"तू अजून ल्हान हाय," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

दोन आठवड्यांनी या बाईचा फोन आला. जेवणाची सुट्टी होती, मीच घेतला. पट्टा तुटलाय, लोकांची दळणं पडून आहेत, लवकर माणूस पाठवा म्हणाली. पत्ता सांगताना थांबली. "मावशी, हा पत्ता तुमच्यातच राहील ना?" मी म्हटलं, राहील. ती नवऱ्याला सोडून आली होती हे तिनं सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. "एकटीच राहते का?" एवढं विचारलं, तेही मेकॅनिकला वेळ कळावी म्हणून. आणि तिच्याशी बोलून झाल्याबरोबर सगळं शेऱ्यात बोलून टाकलं.

मेकॅनिक दुसऱ्याच दिवशी जाऊन पट्टा बदलून आला. काम झालं, तक्रार मिटली. पण तोवर रिपोर्ट आठ वाजता जिथं जायचा तिथं गेला होता. तिच्या नवऱ्याचा चुलतभाऊ मिरजगावच्या दुकानात काऊंटरवर होता. एरवी त्यानं शंभर नावांत ते नाव पाहिलंही नसतं. पण बाकीच्या सगळ्या शाखांच्या ओळींत फुल्या होत्या आणि वाचता येण्यासारखं काही असेल तर ते आमचंच होतं. त्यानं फोटो काढून भावाला पाठवला. तोच फोटो नवऱ्यानं दारात उभं राहून तिला दाखवला, आणि मग तिलाही पाठवला. कुठंही गेलीस तरी सापडशील, हे कळावं म्हणून. तो पाच वाजून गेल्यावरच आला होता.

मी चहा घेऊन बाहेर आले तर ती उठून उभी होती. मी म्हणाले, "मी लिहिलं."

साहेबांनी माझ्याकडे डोळे वटारले. ती मात्र शांत होती. म्हणाली, "मी तुम्हाला विचारलं होतं ना." चहा घेतला नाही. गेली.

संध्याकाळी मी मुख्य ऑफिसला फोन लावला. ती पोरगी रडली, मी नाही. म्हणाली, "मावशी, माझंही चुकलं. तुम्हाला सांगून मी गप्प बसले. शेऱ्याचा रकाना तेव्हाच काढायला हवा होता." मी विचारलं, गेलेले रिपोर्ट परत घेता येतील का? ती म्हणाली, "इथून पुसता येतील. लोकांच्या मोबाईलमधले फोटो नाही येत परत."

आठवड्याभरात शेरा रिपोर्टातून गेला. आता तिथं यादीतली तक्रार निवडायची: पट्टा, जाळी, मोटर. मी म्हटलं होतं, नुसते नंबर झाक की. ती म्हणाली, दहा आकडे ओळीनं आले तर कॉम्प्युटरला पकडता येतात, पण नाव, गल्ली आणि एकटी राहते हे तो कशावरून ओळखणार? रिपोर्टही ज्या शाखेचा फक्त त्याच शाखेला जायला लागला. मेकॅनिक पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात ठेवायला लागला. तेही चुकीचंच, पण मला बोलायला तोंड नव्हतं.

मी राहात्याला गेले होते. खोलीला कुलूप होतं. घरघंटी शेजारणीकडे ठेवलेली, नवा पट्टा लावलेली. बाई कुठं गेली ते शेजारणीनं सांगितलं नाही. मी कोणत्या कंपनीतून आले ते सांगितल्यावर तर दारच लोटलं. बरोबर केलं.

नंतर गल्लीत कळलं, नवरा आला त्या संध्याकाळी त्या खोलीत तिघी होत्या: ती, तिची मुलगी, आणि दळण न्यायला आलेली ही शेजारीण, जिनं पिठाचा डबा त्याच्या तोंडावर मारून मुलीला बाहेर ओढलं. तिघी वाचल्या.